अंदाजपत्रकाची वाटणी दाखवायला ट्रीमॅप घ्यावा की पाय चार्ट?

*प्रश्न: मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात काम करते. यंदाच्या अंदाजपत्रकाचं नागरिकांसाठी एक पान करायचंय, छापील आणि वेबसाइटवरही. नऊ विभाग आहेत, प्रत्येकाखाली काही लेखाशीर्षं. साहेब म्हणतात पाय चार्ट टाका, तो सगळ्यांना कळतो. डिझाइन करणारी सहकारी म्हणते ट्रीमॅप. नक्की काय वापरू?*

पानावर फक्त नऊ विभाग येणार असतील तर पाय चार्ट घ्या. विभागांबरोबर लेखाशीर्षंही दाखवायची असतील तर ट्रीमॅप घ्या, म्हणजे एका मोठ्या आयतात खर्चाच्या प्रमाणात लहान-मोठे आयत आणि त्यांच्या आत पुन्हा आयत. नुसत्या नऊ विभागांचा, आत काहीच नसलेला ट्रीमॅप मात्र करू नका. तो पाय चार्टपेक्षा आधुनिक दिसतो, म्हणून मी अनेक पालिकांच्या पत्रकांत पाहिला आहे, पण त्यात पाय चार्टचा गुण नाही आणि ट्रीमॅपचाही नाही.

असं का म्हणतो ते एका नमुना अंदाजपत्रकावर दाखवतो. एकूण खर्च १००० धरू, एकक तुमचं तुम्ही लावा. पाणीपुरवठा व मलनिःसारण २३०, रस्ते १९०, शिक्षण १५०, आरोग्य १२०, घनकचरा ११०, सामान्य प्रशासन ८०, कर्जफेड ६०, उद्यानं ३५, अग्निशमन २५. आकडे मी बनवलेले आहेत, पण मोठे विभाग दोन-तीन, मधले चार-पाच आणि शेवटी चिमुकले दोन ही ठेवण बहुतेक शहरांच्या अंदाजपत्रकांत दिसते.

आधी पाय चार्ट. शाळेत आपण त्याला वृत्तालेख म्हणायचो. विल्यम प्लेफेअरने १८०१ साली पहिल्यांदा छापला तेव्हापासून त्याचं बलस्थान एकच आहे: एखादा हिस्सा पूर्णाच्या मानाने केवढा आहे ते तो पटकन सांगतो. पाव वर्तुळ आणि अर्धं वर्तुळ ओळखायला कुणालाही शिकवावं लागत नाही. सिम्किन आणि हेस्टी यांनी १९८७ मध्ये केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. हिस्सा ओळखताना माणसं पाव, अर्धा, पाऊण या खुणा मनात धरतात, आणि वर्तुळावर त्या खुणा आयत्या मिळतात.

या गुणाचा फायदा घ्यायचा तर पाकळ्यांचा क्रम विचार करून लावावा लागतो. बहुतेक जण मोठ्याकडून लहानाकडे लावतात आणि सोडून देतात. तसं करायला हरकत नाही, पण आमच्या नमुन्यात त्याहून चांगला क्रम आहे. घड्याळाच्या बाराच्या ठिकाणाहून सुरुवात करून उजवीकडे आधी पाणी ठेवा. २३० म्हणजे ८२.८ अंश, पाव वर्तुळाला सात अंश कमी. बघणारा लगेच म्हणतो, जवळजवळ पाव खर्च पाण्यावर. त्याला लागून रस्ते, आणि रस्त्यांना लागून घनकचरा. तिन्ही मिळून ५३० होतात, म्हणजे १९०.८ अंश. कचऱ्याची पाकळी सहाच्या रेषेला स्पर्श करून थोडी पलीकडे जाते. पाणी, रस्ते, कचरा यांतच निम्म्याहून थोडा जास्त पैसा जातो हे वाक्य कुणी न सांगता चित्रातून वाचता येतं. ट्रीमॅपमध्ये हे तीन आयत एकमेकांना चिकटलेले असतीलच असं नाही, आणि असले तरी तीन आयतांची बेरीज पानाच्या निम्म्याहून जास्त आहे की कमी हे डोळ्याला ठरवता येत नाही.

म्हणून तुमच्या साहेबांचं म्हणणं निराधार नाही. फक्त "सगळ्यांना कळतो" याचा अर्थ मर्यादित आहे. पूर्णाशी तुलना सगळ्यांना कळते, पाकळीची पाकळीशी तुलना कळत नाही. आरोग्य १२० आणि घनकचरा ११० यांतला फरक ३.६ अंशांचा आहे. सहा सेंटिमीटर त्रिज्येचा चार्ट छापलात, जो अर्ध्या पानाएवढा मोठा होतो, तरी कडेवर हा फरक चार मिलिमीटरांहून कमी भरतो, आणि दोन्ही पाकळ्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात. आकडे न लिहिता कुणी त्यातली मोठी ओळखली तर तो नशिबाचा भाग. हीच तुलना तुमच्या पानाचा मुख्य मुद्दा असेल तर पाय चार्ट आणि ट्रीमॅप दोन्ही सोडा आणि साधे आडवे स्तंभ काढा. एकाच रेषेपासून सुरू होणारी लांबी माणूस कोनापेक्षा आणि क्षेत्रफळापेक्षा अचूक वाचतो, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्येच दाखवलं आहे.

पाय चार्ट करताना दोनच गोष्टी पाळा. तिरपा, जाडी असलेला थ्री-डी करू नका, कारण पुढे आलेली पाकळी तिच्या कडेच्या जाडीसकट मोठी भासते. आणि "इतर" ही पाकळी नाव असलेल्या सर्वांत लहान पाकळीपेक्षा मोठी होऊ देऊ नका. उद्यानं आणि अग्निशमन एकत्र केले तर ६० होतात, कर्जफेडीइतके. इथवर चालेल, पण नावं लिहून. त्यात कर्जफेडही टाकली तर "इतर" १२० होतं, म्हणजे आरोग्याएवढं, आणि नेमकी जी गोष्ट नागरिक विचारणार ती त्या शब्दामागे दडते.

आता ट्रीमॅप. तो कशासाठी जन्मला हे माहीत असलं की कुठे वापरायचा ते आपोआप कळतं. मेरीलँड विद्यापीठात बेन श्नाइडरमन यांच्याकडे १९९०च्या सुमाराला ८० मेगाबाइटची एक सामायिक हार्ड डिस्क होती आणि ती सतत भरायची. कुणाच्या फोल्डरमधल्या कुठल्या फोल्डरने जागा खाल्ली आहे ते एका नजरेत बघायचं होतं. म्हणून त्यांनी आयतात आयत, त्यात पुन्हा आयत अशी रचना केली. म्हणजे ही पहिल्यापासून पोटविभागांची गोष्ट आहे. पोटविभाग काढून टाकले की तिचं कारणच उरत नाही. एकपदरी ट्रीमॅपमध्ये तुम्ही पाव-अर्ध्याच्या खुणा गमावता, वर क्षेत्रफळ वाचायला लावता, आणि एक आयत उभा तर दुसरा चौरस असल्याने ती तुलनाही डळमळीत होते.

पोटविभाग आत घेतले की चित्र बदलतं. नमुन्यातला पाणीपुरवठा विभाग उघडू: नव्या जलवाहिन्या ७०, पंपांची वीज ६२, वेतन ४८, देखभाल-दुरुस्ती ३०, मैलापाणी शुद्धीकरण २०. आणि रस्ते: नवे रस्ते ८५, डांबरीकरण ४०, पूल २३, वेतन २०, पदपथ १२, पथदिव्यांची वीज १०. आता बघा, पाणी वर चढवायच्या पंपांची वीज ६२ आणि अख्ख्या शहराची कर्जफेड ६०. उद्यानं आणि अग्निशमन हे दोन पूर्ण विभाग मिळूनही ६०. एका विभागातलं एक लेखाशीर्ष दुसऱ्या अख्ख्या विभागाच्या तोडीचं आहे, हे पाय चार्टमध्ये दिसूच शकत नाही, कारण तिथे पंपांची वीज नावाची वस्तूच नसते. चाळीस पाकळ्यांचा पाय चार्ट काढून ती आणायचा प्रयत्न केलात तर पथदिव्यांच्या एक टक्क्याला ३.६ अंश मिळतात आणि नाव लिहायला बाहेर रेघोट्या ओढाव्या लागतात.

ट्रीमॅपचा दुसरा गुण मला याहून मोलाचा वाटतो, आणि तो फार कमी लोक वापरतात. त्यासाठी आधी एक चूक सांगतो, जी अंदाजपत्रकाच्या पाय चार्टमध्ये मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. पाकळ्यांची नावं अशी असतात: पाणी, रस्ते, शिक्षण, आरोग्य, कर्जफेड आणि "वेतन". यात दोन वेगळी वर्गीकरणं मिसळली आहेत. पाणी, रस्ते हे पैसा *कशासाठी* खर्च झाला ते सांगतात, वेतन हे पैसा *कशावर* खर्च झाला ते सांगतं. वेतन वेगळं काढायचं तर ते सगळ्या विभागांतून वजा करावं लागतं. नमुन्यात सगळ्या विभागांचं वेतन मिळून ३७५ आहे. शिक्षणाच्या १५० पैकी १०५ शिक्षकांचं वेतन आहे. ते काढलं की शिक्षणाची पाकळी ४५ची उरते, कर्जफेडीपेक्षा लहान. अग्निशमनाच्या २५ पैकी १८ जवानांचं वेतन, म्हणजे पाकळी उरली सातची. बेरीज १००० बरोबर जुळते, त्यामुळे तपासणारा चूक पकडत नाही. पण नागरिक वाचतो की शहर शिक्षणावर साडेचार टक्के खर्च करतं, आणि एक फार मोठी ३७.५ टक्क्यांची पाकळी "कर्मचाऱ्यांवर" जाते. शिक्षक वर्गात शिकवतो तो खर्च शिक्षणावरचाच असतो. ते शिक्षणातून काढून टाकणं म्हणजे चित्राने खोटं बोलणं आहे, मग हेतू कितीही चांगला असो. अशा चार्टवरून मी सुनावणीत लोकांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलं आहे, आणि दोन्ही बाजू त्याच चुकीच्या पाकळीकडे बोट दाखवत होत्या.

ट्रीमॅपमध्ये दोन्ही वर्गीकरणं एकत्र नांदू शकतात. जागा विभागाप्रमाणे द्या, रंग खर्चाच्या प्रकाराप्रमाणे. विभागाला रंग द्यायची गरज नसते, कारण विभाग कडेच्या जाड रेषेने आणि नावाने वेगळा झालेलाच असतो. रंग मोकळा आहे, तर त्याला काम द्या: वेतन एका रंगात, चालू खर्च (वीज, दुरुस्ती, साहित्य) दुसऱ्या, भांडवली कामं तिसऱ्या, कर्जफेड राखाडी. मग शिक्षणाच्या चौकटीत वेतनाच्या रंगाने सत्तर टक्के जागा व्यापलेली दिसते, पाण्याच्या चौकटीत जेमतेम एक पंचमांश. वेतन कुठे जास्त आहे आणि का, हा प्रश्न त्या चित्रातच सुटतो: जिथे काम माणसांनी करायचं आहे तिथे वेतन जास्त, जिथे पाइप आणि पंप काम करतात तिथे कमी. चारच रंग ठेवा, आणि ते फिक्या-गडदातही वेगळे असू द्या, कारण तुमच्या पानाची काळी-पांढरी झेरॉक्स निघणारच आहे.

पायथॉनमध्ये प्लॉटली वापरत असाल तर `df` या तक्त्यात विभाग, शीर्ष, तरतूद आणि प्रकार भरल्यावर इतकंच पुरतं:

```python
import plotly.express as px

fig = px.treemap(
    df, path=["vibhag", "shirsh"], values="tartud",
    color="prakar",
    color_discrete_map={"(?)": "white", "vetan": "#c46a2b",
        "chalu": "#e8c98a", "bhandvali": "#2f6f73", "karj": "#9a9a9a"})
fig.update_traces(textinfo="label+value")
```

यातला `(?)` बघून घाबरू नका. एखाद्या विभागाच्या आतल्या शीर्षांचे प्रकार वेगवेगळे असले की त्या विभागाच्या बाहेरच्या चौकटीला कुठला रंग द्यायचा ते प्लॉटलीला ठरवता येत नाही, आणि ते त्या गटाला `(?)` म्हणतं. त्याला पांढरा दिला की बाहेरची चौकट शांत राहते. तो दिला नाही तर प्लॉटली स्वतःच्या मनाने एक रंग लावतं, आणि तो पाचवा प्रकार आहे असं वाचणाऱ्याला वाटतं.

आता ट्रीमॅपचं एक दुखणं, जे चित्र पाहून लक्षात येत नाही. विभागाचं नाव लिहायला बहुतेक साधनं चौकटीच्या वर एक पट्टी ठेवतात. ती पट्टी विभागाच्याच जागेतून कापलेली असते, आणि लहान विभागातून प्रमाणाने जास्त कापली जाते. ए-फोर पानावर १८ गुणिले १२ सेंटिमीटरचा ट्रीमॅप धरू. १००० एककांना २१,६०० चौरस मिलिमीटर, म्हणजे एका एककाला २१.६. पाण्याची चौकट चौरस धरली तर साधारण ७०.५ मिलिमीटर बाजूची होते. पाच मिलिमीटरची पट्टी तिच्यातली सात टक्के जागा घेते. कर्जफेडीची चौकट ३६ मिलिमीटरची. तिच्यातली जवळजवळ चौदा टक्के जाते. उद्यानांची साडेसत्तावीस मिलिमीटरची. तिथे अठरा टक्के. परिणाम असा की पंपांची वीज आणि कर्जफेड यांतला खरा फरक तीन टक्क्यांचा, पण रंगवलेल्या भागात तो अकरा टक्क्यांचा दिसतो. आयतांमधल्या रुंद पांढऱ्या फटीही असंच करतात, लहान आयताला जास्त खातात.

यावर उपाय आहे तो असा. पट्टी काढून टाका, विभागांमध्ये एक मिलिमीटरची गडद रेष द्या, शीर्षांमध्ये केसाएवढी बारीक, आणि विभागाचं नाव त्याच्या सर्वांत मोठ्या शीर्षाच्या आयतात वरच्या कोपऱ्यात ठळक लिहा. प्लॉटलीतून हे थेट नीट निघत नाही. मी चित्र एसव्हीजीत काढतो आणि नावं इंकस्केपमध्ये हाताने बसवतो. चाळीस आयतांना तासभर लागतो. वर्षातून एकदा करायच्या पानासाठी तो तास द्यावा असं माझं मत आहे. पट्टी ठेवायचीच असेल तर ती जितकी बारीक करता येईल तितकी करा आणि प्रत्येक आयतात आकडा लिहा, म्हणजे तुलना डोळ्याच्या भरवशावर राहत नाही.

आयतांचा आकार हाही एक मुद्दा. श्नाइडरमन यांची मूळ पद्धत आयताच्या आळीपाळीने उभ्या-आडव्या फाका करायची. पदपथांचे १२ म्हणजे २५९ चौरस मिलिमीटर, आणि त्या पद्धतीत ते चार मिलिमीटर रुंद आणि पासष्ट लांब अशी फीत होऊन बसू शकतात. त्यात काही लिहिता येत नाही आणि शेजारच्या चौरसाशी तिची तुलनाही होत नाही. २०००च्या सुमाराला ब्रुल्स, हायझिंग आणि व्हॅन वाइक यांनी आयत शक्य तितके चौरसाच्या जवळ ठेवणारी पद्धत काढली. तीच आज `squarify` नावाने बहुतेक साधनांत असते. तिने तेच २५९ चौरस मिलिमीटर सोळा बाय सोळाचे होतात, आणि "पदपथ १२" आठ पॉइंटमध्ये आरामात बसतं. साधनात पर्याय दिसला तर `slice` किंवा `dice` निवडू नका.

मोबाइलवर मात्र हे गणित मोडतं. ३६० पिक्सेल रुंद, ४८० उंच जागा मिळाली तर पदपथांना साधारण ४५ बाय ४५ पिक्सेल येतात. "पदपथ" कसंबसं मावेल, "मैलापाणी शुद्धीकरण" नाही. त्यात देवनागरीला ओळीच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, त्यामुळे बारीक टायपात ती आधीच गर्दीची होते. नावं नसलेले आयत आणि "बोट ठेवा म्हणजे आकडा दिसेल" ही व्यवस्था मी एका शहराच्या पानासाठी एकदा केली होती. वेबसाइटवर ती ठीक चालली. पण तेच चित्र जसंच्या तसं छापायला गेलं आणि पाच हजार प्रती रिकाम्या रंगीत चौकोनांच्या आल्या. वाटल्याच नाहीत. तेव्हापासून नियम केला: आधी छापील आवृत्ती करायची, सगळी नावं आणि आकडे कागदावर, आणि मग वेबची. मोबाइलवर ट्रीमॅप बसवायचा अट्टहास न करता विभागवार यादी द्यायची, प्रत्येक शीर्षासमोर आकडा आणि बारीक आडवा स्तंभ. ती यादी स्क्रीन रीडरलाही वाचता येते, चित्र येत नाही.

चित्र काढण्यापूर्वी आकड्यांची एक तपासणी कराच, कारण ती न करता काढलेला पाय चार्ट आणि ट्रीमॅप दोन्ही सारखेच चुकतात. अंदाजपत्रकात एका निधीतून दुसऱ्या निधीत वर्ग केलेल्या रकमा असतात: सामान्य निधीतून पाणीपुरवठा निधीला ४० दिले, आणि पाणीपुरवठ्याने ते खर्च केले. दोन्ही ओळी घेतल्या तर तेच ४० दोनदा मोजले जातात आणि एकूण १०४० होतं. चित्र देखणंच दिसतं, कारण कुठलंही चित्र आपल्याला मिळालेल्या बेरजेला शंभर टक्के मानतं. म्हणून सगळ्या शीर्षांची बेरीज मंजूर अंदाजपत्रकातल्या छापील एकूण खर्चाशी ताडून बघा, एका एककाचाही फरक सोडू नका. दुसरी गोष्ट वजा आकड्यांची. वसुली किंवा परतावा कधीकधी खर्चाच्या बाजूला ऋण लिहिलेला असतो. ऋण क्षेत्रफळ नसतं आणि ऋण पाकळीही नसते. एक्सेलचा पाय चार्ट चिन्ह सोडून देतो आणि ती रक्कम खर्च असल्यासारखी काढतो. अशा रकमा त्यांच्या मूळ शीर्षात वळत्या करून निव्वळ आकडा घ्या, आणि तसं केल्याचं चित्राखाली एका ओळीत लिहा.

गेल्या वर्षाशी तुलना करायला दोन ट्रीमॅप शेजारी ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या. `squarify` आकारमानाप्रमाणे रचतं, त्यामुळे डांबरीकरण थोडं वाढून पुढे सरकलं की शेजारचे चार-पाच आयत जागा बदलतात. वाचणाऱ्याला बदल दिसतो तो मांडणीचा, पैशाचा नाही. दोन पाय चार्टही काही भलं करत नाहीत. वाढ-घट दाखवायला एक छोटा तक्ता पुरेसा आहे.

छपाईला देण्याआधी लेखा विभागाबाहेरच्या पाच जणांना पान दाखवा. शिपाई, नोंदणी खिडकीवरची बाई, कुणाचे वडील, कुणीही चालतील. तीन प्रश्न विचारा आणि गप्प बसा: पाण्यावर साधारण कितवा हिस्सा जातो? पंपांची वीज जास्त की कर्जफेड? वेतनाचा वाटा कुठल्या विभागात सर्वांत मोठा? पहिल्याला पाय चार्ट जिंकतो, उरलेल्या दोहोंना ट्रीमॅप. अशाच एका चाचणीत एक आजी ट्रीमॅपवर बोट फिरवत बराच वेळ काहीतरी शोधत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "आमचा वॉर्ड कुठं आहे यात?" चौकोनी तुकडे, जाड हद्दी आणि नावं, त्यांना तो शहराचा नकाशा वाटला होता. त्यांची काही चूक नव्हती. पालिकेच्या कागदावर असं चित्र दिसलं की ते प्रभागांचंच असणार असं वाटणं स्वाभाविक आहे. त्या दिवसापासून ट्रीमॅपच्या वर मी ठळक अक्षरांत लिहितो: "हा नकाशा नाही. चौकोन जितका मोठा, तितका खर्च जास्त." आणि शेजारी एक नमुना चौकोन ठेवतो, दहा एककांचा, १४.७ मिलिमीटर बाजूचा, आत "एवढा = १०" लिहून. पुढच्या चाचणीत वॉर्ड कुणी शोधला नाही.

तुमच्या पानाबद्दल विचाराल तर लेखाशीर्षं दाखवायचीच आहेत, म्हणून मोठी जागा मी ट्रीमॅपला देईन, १८ बाय १२ सेंटिमीटर, रंग खर्चाच्या प्रकाराप्रमाणे. वर उजवीकडे साडेतीन-चार सेंटिमीटर व्यासाचा छोटा पाय चार्ट ठेवीन, त्यात तीनच पाकळ्या: पाणी-रस्ते-कचरा ५३०, शिक्षण-आरोग्य २७०, आणि उरलेले २००, "प्रशासन, कर्जफेड, उद्यानं, अग्निशमन" असं पूर्ण नाव लिहून. इथे तिन्ही पाकळ्या गटच आहेत आणि "इतर" हा शब्द कुठेच नाही. निम्म्याहून थोडं जास्त, पावाहून थोडं जास्त आणि एक पंचमांश, इतकं त्या लहान वर्तुळात स्वच्छ वाचता येतं. त्याचे रंग ट्रीमॅपमधल्या चार रंगांपैकी कुठलेच घेऊ नका, जांभळ्याच्या तीन छटा ठेवा. नाहीतर वेतनाचा रंग पाहिलेला माणूस वर्तुळातल्या त्याच रंगाच्या पाकळीलाही वेतन समजेल.